एका परिच्छेदातून नोकरीची नीट जाहिरात कशी काढावी : संकलन केंद्राचं एक उदाहरण

दिवाळीच्या आधी सोयाबीन यायला लागलं की विदर्भातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना संकलन केंद्रावर माणूस लागतो. मग संचालक मंडळाच्या बैठकीत कुणीतरी कागद ओढून एक परिच्छेद लिहून काढतं आणि तोच जसाच्या तसा व्हॉट्सअपवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर जातो. त्यात काम, अटी, इच्छा, पगार सगळं एकाच ओळीत आलेलं असतं. वाचणाऱ्याला आपण पात्र आहोत की नाही ते कळत नाही. अर्ज आल्यावर निवड कशावर करायची, ते मग कंपनीलाही कळत नाही.

दारव्हा तालुक्यातल्या एका कंपनीसाठी बसून लिहावा तसा एक परिच्छेद इथे घेतो. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक ओळ या भागातल्या जाहिरातींत भेटणारीच आहे.

> आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्रासाठी मेहनती, प्रामाणिक व होतकरू तरुण पाहिजे. उमेदवार पदवीधर असावा, एमएस-सीआयटी व टॅली येणे आवश्यक, स्वतःची मोटारसायकल असावी. हंगामात शेतकऱ्यांचा माल काट्यावर मोजून घेणे, आर्द्रता तपासणे, पावत्या देणे, रोजचा हिशोब ठेवणे, बारदाना सांभाळणे, व्यापाऱ्यांशी बोलणे, गावोगावी जाऊन सभासदांची नोंदणी करणे व कागदपत्रे गोळा करणे ही कामे करावी लागतील. दोन-तीन वर्षांचा अनुभव असल्यास उत्तम, हिंदी यावी, स्थानिक उमेदवारास प्राधान्य. पडेल ते काम करण्याची तयारी असावी. पगार योग्यतेनुसार. त्वरित संपर्क साधा.

पायरी 1 : परिच्छेदाचे तुकडे करा

कोरा कागद घ्या आणि परिच्छेदातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर उतरवा. जिथे "व", "आणि" किंवा स्वल्पविराम आहे तिथे बहुधा दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात, तिथे कापा. "एमएस-सीआयटी व टॅली" या दोन ओळी झाल्या. नोंदणी करणे आणि कागदपत्रे गोळा करणे याही दोन ओळी. "तरुण" हा शब्दही वेगळा काढा, कारण त्यात वय आणि पुरुष असणं अशा दोन अटी न बोलता आलेल्या आहेत.

या टप्प्यावर काही सुधारू नका, काही गाळू नका. वरच्या परिच्छेदाचे असे वीसच्या आसपास तुकडे होतात. सुधारत सुधारत कापायला बसलं की एखादी गैरसोयीची ओळ हळूच नाहीशी होते, आणि तीच नेमकी नंतर मुलाखतीत तोंड वर काढते.

पायरी 2 : माणूस काय करणार आणि काय घेऊन येणार, हे वेगळं करा

आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा : ही गोष्ट माणूस कामावर आल्यावर करणार आहे, की कामावर येताना सोबत घेऊन येणार आहे? करणार असेल तर समोर "काम" लिहा. घेऊन येणार असेल तर "पात्रता" लिहा. ती आवश्यक की पसंतीची, हे आत्ताच ठरवू नका. दोन्हींत बसत नसेल ती ओळ बाजूला ठेवा.

माल मोजणं, आर्द्रता तपासणं, पावती, हिशोब, बारदाना, व्यापाऱ्यांशी बोलणं, नोंदणी, कागदपत्रं ही सगळी कामं. पदवी, एमएस-सीआयटी, टॅली, मोटारसायकल, अनुभव, हिंदी ही पात्रता. "मेहनती, प्रामाणिक, होतकरू" बाजूला. मी आळशी आहे असं कुणीही अर्जात लिहीत नाही, त्यामुळे या शब्दांनी एकही उमेदवार वेगळा पडत नाही. पगार आणि संपर्कही बाजूलाच ठेवा, पण ते शेवटी लागणार आहेत.

"पडेल ते काम" ही ओळ मात्र सोडून देऊ नका. तिच्या पोटात काहीतरी ठरलेलं काम असतं. लिहिणाऱ्यालाच विचारा, मागच्या वर्षी पडेल ते काम म्हणजे नेमकं काय पडलं होतं? आपल्या उदाहरणात उत्तर असं येतं की मे-जूनमध्ये कंपनी सभासदांना बियाणं आणि खत देते, तेव्हा गोदामातला साठा लिहायला हाच माणूस लागतो. मग तसंच लिहायचं : खरिपापूर्वी निविष्ठा गोदामातला साठा नोंदवणे. उमेदवाराला ते आधी कळलं तर जूनमध्ये "हे माझं काम नव्हतं" असा वाद होत नाही.

पायरी 3 : प्रत्येक पात्रतेच्या मागे काम शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. कागदाच्या डाव्या बाजूला कामं आणि उजव्या बाजूला पात्रता लिहा. प्रत्येक पात्रतेपासून एक रेघ एखाद्या कामाकडे ओढा. ज्या पात्रतेपासून रेघच निघत नाही, ती अट कुठून आली ते लिहिणाऱ्याला विचारा.

पदवीची रेघ निघत नाही. काटा, पावती, बारदाना, यातल्या कशालाही पदवी लागत नाही. अध्यक्षांशी बोलणं साधारण असं होतं :

"भाऊ, ग्रॅज्युएट कायले पायजे?"

"तसं काही नाही. पण मागच्या पोराचा हिशोब जुळेच ना. म्हणून म्हटलं, शिकलेला पायजे."

म्हणजे गरज पदवीची नव्हती. दिवसाचा हिशोब संध्याकाळी जुळवता येण्याची होती. ती पदवीच्या कागदावर दिसत नाही, मुलाखतीत दिसते. दहा पावत्या आणि दिवसाची शिल्लक समोर ठेवा, आणि बेरीज लावून फरक कुठे आहे ते शोधायला सांगा. जाहिरातीत "बारावी उत्तीर्ण, रोजच्या आवक-जावकेचा हिशोब जुळवता येणे" लिहिलं की पुरे. गावात बारावीनंतर अडत दुकानात चार वर्षं काढलेला मुलगा किंवा बचत गटाचे हिशोब लिहिणारी ताई पदवीची अट वाचूनच मागे फिरते, आणि तुम्हाला हवं असलेलं माणूस बहुतेक वेळा तेच असतं.

एमएस-सीआयटीचंही असंच. तिची रेघ "संगणकावर नोंदी करणे" या कामाकडे जाते, म्हणजे गरज खरी आहे. पण गरज कौशल्याची आहे, प्रमाणपत्राची नाही. एक्सेलमध्ये नोंदी करता येतात का, एवढंच विचारा. प्रमाणपत्र असलेल्यालाही तेच करून दाखवायला सांगा.

टॅलीची रेघ कुठे जाते ते कंपनीवर अवलंबून आहे. आपल्या उदाहरणातल्या कंपनीचे हिशोब यवतमाळचे लेखापाल टॅलीत टाकतात, केंद्रावरून फक्त रोजचा तक्ता जातो. मग टॅली आवश्यक नाही. आली तर लेखापालांशी बोलणं सोपं होईल, एवढंच. ती पसंतीकडे गेली.

आता उलट्या बाजूनेही पाहा. ज्या कामाकडे एकही रेघ येत नाही, त्याला काही पात्रता लागते का? आर्द्रता तपासणं हे असं काम आहे. हमीभावाने खरेदीसाठी सोयाबीनची आर्द्रता साधारणपणे 12 टक्क्यांच्या आत लागते, आणि मापक यंत्रावर आलेल्या आकड्यावरून काट्यावर रोज वाद होतात. पण यंत्र वापरायला एका दिवसात शिकवता येतं. म्हणून त्यासाठी अट घालायची नाही, ते कामाच्या यादीत स्पष्ट लिहायचं. वाद शांतपणे हाताळता येणं मात्र शिकवून लवकर येत नाही. तिथे अनुभव खरोखर उपयोगी पडतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही पात्रता कामातून नाही, कायद्यातून येतात. खत-कीटकनाशकांच्या विक्री परवान्यावर पात्र व्यक्ती म्हणून याच माणसाचं नाव लावायचं असेल, तर नियमात ठरवून दिलेलं कृषी शिक्षण किंवा अभ्यासक्रम आवश्यकच होतो, तुमची इच्छा काहीही असो. आपल्या उदाहरणात परवाना दुसऱ्याच्या नावावर आहे, हा माणूस फक्त साठा लिहितो. म्हणून ती अट येत नाही. जाहिरात काढण्याआधी परवाना उघडून नाव वाचून घ्या.

पायरी 4 : आवश्यक आणि पसंतीचं यांतली रेषा आखा

उरलेल्या प्रत्येक पात्रतेला ही कसोटी लावा. समजा समोर एक अर्ज आहे, त्यात बाकी सगळं उत्तम आहे, फक्त ही एक गोष्ट नाही. तुम्ही त्याला मुलाखतीला बोलवाल का? बोलवणार असाल तर ती आवश्यक नाही. खरं उत्तर द्या, कारण बहुतेक जण इथे "असलेली बरी" म्हणून अट आवश्यक करून टाकतात. अशा पदासाठी आवश्यक पात्रता चार-पाचपेक्षा जास्त निघाल्या तर मी कागद पुन्हा पायरी 3 वर नेतो.

मोटारसायकल घ्या. तिच्या मागे गावोगावी फिरण्याचं काम आहे, आणि एसटीच्या वेळांवर वीस गावं होत नाहीत, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून अट रास्त आहे. पण ती "स्वतःची मोटारसायकल" नसून "दुचाकी चालवता येणे, वैध परवाना आणि वापरायला दुचाकी उपलब्ध असणे" अशी आहे. भावाची स्कूटी चालेल, तर ते शब्दांत दिसू द्या. पेट्रोल कुणाचं, हेही इथेच ठरवून टाका, नाहीतर पहिल्याच महिन्यात भांडण होतं.

हिंदी : सोयाबीन आणि तूर घ्यायला येणारे काही व्यापारी हिंदीतच बोलतात, पण सौदा अध्यक्षच करतात. केंद्रावरच्या माणसाला गाडी कधी येणार एवढंच विचारायचं असतं. म्हणून हिंदी पसंतीकडे. दारव्हा-दिग्रसकडच्या तांड्यांवर नोंदणीला जायचं असेल तर गोरमाटी बोलता येणंही पसंतीत घाला. तिथे भाषा मागा, समाज मागू नका. ज्याला भाषा येते तो कुठल्याही घरातला असू शकतो.

"स्थानिक उमेदवारास प्राधान्य" या ओळीमागचं कारण विचारलं तर हंगामात सकाळी सातला ट्रॉल्या लागतात, असं उत्तर मिळतं. मग वेळ सांगा आणि कुठून यायचं ते उमेदवाराला ठरवू द्या. लाडखेडहून रोज येणारा वेळेवर पोहोचत असेल तर अडचण काय?

"तरुण" हा शब्द काढाच. नोकरभरतीत स्त्री म्हणून भेद करू नये, हे 1976 च्या समान मोबदला कायद्यापासून चालत आलं आहे आणि वेतन संहिता 2019 च्या कलम 3 मध्येही तेच तत्त्व आहे. कायदा बाजूला ठेवला तरी काट्यावर पोती उचलायला हमाल असतात, या पदाचं काम नोंदींचं आहे. "उमेदवार असावा", "तो करेल" अशी वाक्यं टाळून "येणे", "असणे", "करणे" असं लिहिलं की जाहिरात सगळ्यांसाठी होते.

"दोन-तीन वर्षांचा अनुभव" कशाचा, ते लिहिलेलंच नाही. अडत दुकान, जिनिंग, बाजार समिती किंवा पतसंस्था, इथे मोजमाप किंवा हिशोब केलेला असेल तर उपयोग आहे. वर्षांपेक्षा ते महत्त्वाचं, म्हणून वर्षं काढून जागा लिहा.

पसंतीच्या यादीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. जे पसंती म्हणून छापलं, ते अर्ज छाननीत अट म्हणून वापरू नका. टॅली नाही म्हणून अर्ज बाजूला टाकणार असाल तर ती आवश्यकमध्ये लिहा. लोक लांबून कागद घेऊन येतात, त्यांना आधी खरं सांगायला हवं.

पायरी 5 : कामं वेळेच्या क्रमाने मांडा

परिच्छेदात कामं आठवतील तशी आलेली असतात. जाहिरातीत ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो ते काम वर घ्या. संकलन केंद्राचं वर्ष सरळ नसतं. ऑक्टोबरपासून सोयाबीन, जानेवारी-फेब्रुवारीत तूर, त्यानंतर हरभरा, मग खरिपाची तयारी. म्हणून हंगामातली कामं आणि बाकीच्या महिन्यांतली कामं असे दोन गट केले की वाचणाऱ्याला वर्ष डोळ्यांपुढे येतं.

प्रत्येक ओळीत काम, ते कधी करायचं, आणि शक्य असेल तर ते कुणाला दाखवायचं, एवढं असावं. "हिशोब ठेवणे" याऐवजी "दिवसाची आवक, पावत्या आणि बारदान्याची शिल्लक संध्याकाळी जुळवून तक्ता व्यवस्थापकांना पाठवणे". "कागदपत्रे गोळा करणे" म्हणजे हमीभाव नोंदणीसाठी सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार आणि बँक पासबुक. नावं लिहिली की ज्याने हे आधी केलंय त्याला लगेच ओळख पटते.

पायरी 6 : बाजूला ठेवलेलं आणि राहून गेलेलं भरा

पगार, वेळ, जागा, मुदत, अर्ज कसा करायचा. "पगार योग्यतेनुसार" लिहिलं की निम्मे फोन फक्त पगार विचारायला येतात, म्हणून कमी-जास्त का होईना, मर्यादा लिहा, आणि ती त्या कामाला लागू असलेल्या किमान वेतनाच्या खाली नाही ना, ते पाहून घ्या. अर्जासाठी पैसे घेतले जात नाहीत ही ओळ जरूर टाका. नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांमुळे गावातली मुलं अनोळखी जाहिरातीला घाबरतात.

तर आपला परिच्छेद आता असा दिसतो :

संकलन केंद्र सहायक (1 जागा)
शेतकरी उत्पादक कंपनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

सभासद शेतकऱ्यांचं सोयाबीन, तूर आणि हरभरा मोजून घेणे व त्याच्या नोंदी ठेवणे हे या पदाचं मुख्य काम आहे. पद कंपनीच्या व्यवस्थापकांच्या देखरेखीखाली आहे.

*जबाबदाऱ्या : हंगामात (ऑक्टोबर ते एप्रिल)*
- आलेल्या मालाचं वजन काट्यावर करून घेणे आणि शेतकऱ्याला लगेच पावती देणे
- प्रत्येक मालाची आर्द्रता यंत्रावर तपासून शेतकऱ्याला आकडा दाखवणे (यंत्राचं प्रशिक्षण कंपनी देईल)
- बारदान्याची आवक-जावक लिहिणे
- दिवसाची आवक, पावत्या आणि बारदाना संध्याकाळी जुळवून तक्ता व्यवस्थापकांना पाठवणे
- माल नेणाऱ्या गाड्यांच्या वेळा व्यापाऱ्यांकडून घेणे (भावाची बोलणी या पदाकडे नाहीत)

*जबाबदाऱ्या : इतर महिन्यांत*
- गावांत जाऊन सभासदांची नोंदणी करणे. हमीभाव नोंदणीसाठी सातबारा, ई-पीक पाहणी नोंद, आधार व बँक पासबुकाच्या प्रती घेणे
- खरिपापूर्वी बियाणं-खत गोदामातला साठा नोंदवणे

*आवश्यक पात्रता*
- बारावी उत्तीर्ण
- रोजच्या आवक-जावकेचा हिशोब जुळवता येणे (मुलाखतीत करून पाहिलं जाईल)
- एक्सेलमध्ये नोंदी करता येणे (प्रमाणपत्राची अट नाही)
- दुचाकी चालवण्याचा वैध परवाना आणि वापरायला दुचाकी

*असल्यास प्राधान्य*
- अडत दुकान, जिनिंग, बाजार समिती किंवा पतसंस्थेत मोजमाप अथवा हिशोबाचं काम केलेलं असणे
- टॅलीची ओळख
- हिंदी किंवा गोरमाटी बोलता येणे

*वेळ आणि मोबदला*
हंगामात सकाळी 7 वाजता केंद्रावर हजर राहणे. इतर महिन्यांत 10 ते 5.30. आठवड्याला एक सुटी. दरमहा 15,000 ते 18,000 रुपये, गावांत फिरण्याचं पेट्रोल वेगळं. पहिली नेमणूक 11 महिन्यांची.

*अर्ज*
एका पानावर माहिती आणि परवान्याची प्रत केंद्रावर किंवा व्हॉट्सअपवर, दिलेल्या तारखेपर्यंत. स्त्री-पुरुष सर्वांनी अर्ज करावा. अर्जासाठी किंवा निवडीसाठी कोणतंही शुल्क नाही.

पायरी 7 : लावण्याआधी तपासा

जुना परिच्छेद आणि नवी जाहिरात शेजारी ठेवा. तुकड्यांच्या कागदावरची प्रत्येक ओळ एकतर नव्या जाहिरातीत सापडली पाहिजे किंवा ती का काढली ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. पदवी का काढली, हे संचालकांपैकी कुणीतरी विचारणारच, तेव्हा उत्तर तयार असू द्या.

मग पदाशी संबंध नसलेल्या, पण अर्ज करू शकेल अशा एखाद्याला ती मोबाइलवर वाचायला द्या आणि दोनच गोष्टी विचारा : यात तू बसतोस का, आणि पहिल्या आठवड्यात तुला काय करावं लागेल? दोन्हींची उत्तरं बरोबर आली तर जाहिरात तयार आहे. पहिल्याला "बहुतेक" असं उत्तर आलं तर आवश्यक पात्रतेतली एखादी ओळ अजून धूसर आहे, ती शोधा. व्हॉट्सअपवर फोटो पाठवण्यापेक्षा मजकूर पाठवा. लहान पडद्यावर फोटोतली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि मजकूर असला की पुढे पाठवणाऱ्याला चुकलेली तारीख दुरुस्त करता येते.

मुलाखतीचा गुणतक्ता याच जाहिरातीतून करा. आवश्यक पात्रतेच्या ओळींसमोर फक्त "आहे" किंवा "नाही", पसंतीच्या ओळींसमोर गुण. संचालक तीन असतील तर तिघांकडे एकच तक्ता असावा, आणि प्रत्येकाने दुसऱ्याशी बोलण्याआधी आपला भरावा. जाहिरात लागल्यावर फोनवर एकच प्रश्न तीन-चार जणांनी विचारला, समजा रविवारी सुटी आहे का, तर त्याचं उत्तर त्याच दिवशी जाहिरातीत घालून ती पुन्हा पाठवा.